अहवालाआधी तारीख

माझ्या दवाखान्यातील नोंदवहीत एक जादा रकाना आहे. नाव, वय, तक्रार आणि औषध या नेहमीच्या रकान्यांच्या शेजारी मी हाताने रेघ ओढून 'घटनेपासून किती दिवस' असे लिहिले आहे. हा रकाना माझ्या एका चुकीतून आला. ती चूक आणि तिच्यामुळे एका कुटुंबाने काढलेले सहा महिने यांची हकिगत आज सांगतो. संबंधितांची संमती घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाना निवृत्त मुख्याध्यापक. वय सदुसष्ट. पत्नीच्या निधनाला चार वर्षे झाली होती. मुलगा नोकरीनिमित्त आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावी असे, त्यामुळे घरात नाना, सूनबाई आणि दोन नातवंडे. नानांना मधुमेह होता. नजर अधू झाल्यामुळे त्यांना रात्रीचे इन्शुलिन सूनबाईच टोचत असत. सासऱ्यांची इतक्या काळजीने निगा राखणाऱ्या सुना मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

जुलैच्या १२ तारखेला नाना ताप घेऊन आले. ताप १० तारखेपासून होता. घसा लाल, पण सर्दी-खोकला नाही. मानेत दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागत होत्या, तोंडात एक-दोन फोड होते आणि छातीवर खाज न येणारे फिकट लालसर पुरळ होते. पावसाळ्याचे दिवस आणि गावात डेंग्यूची साथ, त्यामुळे मी डेंग्यूची 'एनएस-वन' चाचणी करवली. ती नकारात्मक आली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट थोड्या कमी होत्या. 'विषाणूजन्य ताप' एवढेच निदान लिहून मी त्यांना पाठवले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करण्याच्या वेळी नाना एकटेच परत आले. दार लोटून घेतले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "डॉक्टर, काल सूनबाई सोबत होती म्हणून बोललो नाही. एक चूक झाली आहे माझ्याकडून. या वयात. एचआयव्हीची तपासणी करता येईल का गुपचूप?" एका स्त्रीशी त्यांचा कोणतेही संरक्षण न वापरता शरीरसंबंध आला होता. मी त्यांना अधिक काही विचारले नाही. विचारायला लाज वाटली, हे कबूल करतो. ज्यांच्या हाताखाली गावाच्या दोन पिढ्या शिकल्या, त्यांना असले प्रश्न कसे विचारायचे, असे मला वाटले. मी त्यांची लेखी संमती घेतली, बोटातून थेंबभर रक्त काढून जलद चाचणीच्या पट्टीवर टाकले आणि वीस मिनिटांनी त्यांना सांगितले, "नाना, चाचणी नकारात्मक आहे. निर्धास्त राहा."

माझी चूक ती हीच. 'कधी?' हा एक शब्द मी विचारला नव्हता.

तीन चाचण्या, तीन प्रश्न

पुढे जाण्यापूर्वी त्या पट्टीने नेमके काय पाहिले होते, हे समजून घेऊ. डेंग्यूमुळे आपल्याकडच्या घराघरांत एक गोष्ट माहीत झाली आहे. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत 'एनएस-वन' करायची असते आणि त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी करायची असते. आजार तोच, पण दिवस बदलला की चाचणी बदलते. एचआयव्हीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे दिवसांऐवजी आठवडे मोजावे लागतात.

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. प्रतिपिंड म्हणजे विषाणूला ओळखून आपल्याच शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रथिने. बोटाच्या थेंबावर होणारी बहुतेक जलद पट्टी हीच चाचणी करते. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा गर्भवतीची केली जाणारी नेहमीची तपासणीही बहुधा हीच असते. तिचा प्रश्न असतो: 'या शरीराने एचआयव्हीला उत्तर दिले आहे का?' मात्र उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे साधारण तेविसाव्या दिवसापासून सापडू लागतात, तर काहींना नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात.

दुसरी चाचणी प्रतिजनाची, म्हणजे विषाणूच्याच एका अंशाची. एचआयव्हीच्या गाभ्याभोवती जे कवच असते, त्यातील 'पी-२४' नावाचे प्रथिन ती शोधते. हे प्रथिन प्रतिपिंडांच्या आधी रक्तात येते, पण पुढे प्रतिपिंडे वाढली की ती त्याला बांधून टाकतात आणि ते दिसेनासे होते. म्हणून नुसते प्रतिजन शोधून भागत नाही. प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही एकाच वेळी शोधणारी जी चाचणी आता प्रचलित आहे, तिला 'चौथ्या पिढीची चाचणी' म्हणतात. हातातील शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली, तर ती साधारण अठराव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसाच्या दरम्यान संसर्ग दाखवू लागते.

तिसरी चाचणी व्हायरल लोडची, म्हणजे विषाणूभाराची. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या किती प्रती आहेत, हे ती मोजते. ती सर्वांत आधी, दहाव्या ते तेहतिसाव्या दिवसाच्या दरम्यान, उत्तर देऊ शकते. मात्र तिचे मूळ काम मोजण्याचे आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णात औषध लागू पडते आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती प्रामुख्याने वापरली जाते.

विषाणू शरीरात शिरल्यापासून एखादी चाचणी त्याला पकडू शकेपर्यंतचा काळ म्हणजे 'विंडो पिरियड'. या काळात माणसाला संसर्ग झालेला असतो, तो दुसऱ्याला लागूही शकतो, आणि तरीही चाचणी नकारात्मक येते. प्रत्येक चाचणीचा विंडो पिरियड निराळा असतो. पहिले साधारण दहा दिवस तर कोणतीच चाचणी काही सांगू शकत नाही, कारण विषाणू अजून रक्तात मोजण्याइतका उतरलेला नसतो. म्हणून 'काल रात्री घडले, आज तपासा' या विनंतीला प्रयोगशाळेकडे उत्तर नसते.

सुईचे टोक

१८ जुलैच्या रात्री साडेनऊ वाजता सूनबाई दवाखान्यात आल्या. करंगळीला कापूस धरलेला होता. "डॉक्टर, धनुर्वाताचे इंजेक्शन द्याल का? नानांना इन्शुलिन देऊन सुईला टोपण लावत होते, तेवढ्यात बोटात घुसली. आठ वाजता. भळभळा नाही, पण रक्त आले." आणि मग सहज म्हणाल्या, "नानांच्या तर सगळ्या तपासण्या तुम्ही नुकत्याच केल्यात. काही काळजीचे नाही ना?"

'काही काळजीचे नाही' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पाच दिवसांपूर्वीची ती नकारात्मक पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. मग दुसरे चित्रही समोर आले: सर्दीशिवाय लाल झालेला घसा, मानेतील गाठी, तोंडातील फोड, खाज नसलेले पुरळ. एचआयव्हीचा नवा संसर्ग झालेल्या अनेकांना दोन ते चार आठवड्यांनी अगदी असाच ताप येतो. डेंग्यूच्या साथीत तो साथीत मिसळून जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो. नानांचा तापही उतरला होता.

मी सूनबाईंना बोट साबण आणि वाहत्या पाण्याखाली धुवायला सांगितले. बोट पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही, जखमेवर झोंबणारी औषधे ओतायची नाहीत. "दहा मिनिटे बसा" असे सांगून मी आतल्या खोलीतून नानांना फोन लावला आणि पाच दिवस उशिरा तो प्रश्न विचारला, "नाना, ते कधी झाले होते? तारीख सांगा."

नानांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "२४ जून."

मी बोटांवर मोजले. २४ जूनपासून ताप सोळाव्या दिवशी सुरू झाला होता. माझी पट्टी एकोणिसाव्या दिवशी केलेली होती. प्रतिपिंडांच्या चाचणीत बहुतेक काही दिसूच शकणार नाही असा तो दिवस होता. आणि सुई टोचली चोविसाव्या दिवशी. नव्या संसर्गात विषाणूभार सर्वांत जास्त असतो तो साधारण याच काळात. माझ्या नकारात्मक अहवालाला काहीही अर्थ नव्हता.

संसर्ग असलेल्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण हजारात तीन इतका असतो. इन्शुलिनची सुई बारीक असते, ती शिरेत नव्हे तर त्वचेखालच्या चरबीत जाते, त्यामुळे येथे धोका त्याहूनही कमी. पण समोरच्याचा विषाणूभार फार मोठा असण्याची शक्यता असताना 'कमी' या शब्दावर मी ही गोष्ट सोडून देऊ शकत नव्हतो. अशा वेळी संसर्ग टाळण्यासाठी देण्याची औषधे असतात. ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि पुढे अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात.

अडचण दुसरीच होती. सूनबाईंना काय सांगायचे? नानांची गोष्ट नानांची होती. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि चाचणीविषयीची माहितीही अशी परस्पर उघड करता येत नाही. मी फोनवर नानांना सरळ सांगितले, "माझे चुकले. त्या दिवशीच्या चाचणीवर विसंबून चालणार नाही. तुमची तपासणी पुन्हा करायला हवी. आणि सूनबाईंना आज रात्रीच औषध सुरू करायला हवे. त्यांना काय सांगू, ते तुम्ही ठरवा."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "तिच्याकडे फोन द्या. मीच सांगतो. माझ्यामुळे तिला काही व्हायला नको."

त्या दोघांत काय बोलणे झाले, ते मी ऐकले नाही. सूनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी एवढेच विचारले, "कुठे जायचे ते सांगा."

रात्री अकराच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात त्यांनी पहिली गोळी घेतली. औषध सुरू करण्यासाठी नानांच्या अहवालाची वाट आम्ही पाहिली नाही. ही गोष्ट काळजीवाहकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. घड्याळ बहात्तर तासांचे असते, अहवालाचे नसते. पुढे धोका नव्हता असे निष्पन्न झाले, तर औषध थांबवता येते.

नानांचे रक्त

१९ जुलैला सकाळी, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, नानांच्या शिरेतून रक्त घेतले. या वेळी मी चाचणी निवडली ती दिवस मोजून. पंचविसाव्या दिवशी नुसत्या प्रतिपिंडांवर भरवसा नाही, पण प्रतिजन सापडण्याची शक्यता चांगली. म्हणून चौथ्या पिढीची चाचणी. सोबत प्रतिपिंडांची पट्टी पुन्हा केली आणि विषाणूभारासाठी वेगळी नळी भरली.

पट्टी पुन्हा नकारात्मक आली. चौथ्या पिढीची चाचणी सकारात्मक आली.

अशा विसंगत अहवालाने कुटुंबे गोंधळून जातात. 'एक प्रयोगशाळा हो म्हणते, दुसरी नाही म्हणते, मग चूक कुणाची?' असे विचारतात. कित्येकदा चूक कुणाचीच नसते. दोन चाचण्यांनी दोन निराळे प्रश्न विचारलेले असतात. विषाणूचे कवच रक्तात आलेले आहे आणि शरीराचे उत्तर अजून आलेले नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. तो तसाच आहे की चौथ्या पिढीच्या चाचणीनेच चुकून इशारा दिला आहे, हे ठरवायला येथे विषाणूभाराची चाचणी उपयोगी पडते. काही दिवसांनी तो अहवाल आला. एका मिलिलिटरमागे दहा लाखांहून अधिक प्रती. शंकेला जागा उरली नाही.

तरीही पक्के निदान एवढ्यावर नोंदवले गेले नाही. ३ ऑगस्टला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, नाना सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात गेले. तेथे ही तपासणी विनामूल्य आणि गोपनीय असते. तीन निरनिराळ्या संचांनी रक्त तपासले आणि तिन्ही सकारात्मक आले. एकोणिसाव्या आणि पंचविसाव्या दिवशी गप्प असलेली प्रतिपिंडे चाळिसाव्या दिवशी बोलली.

हे तीन संच कशासाठी, असे नानांनी विचारले. प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ज्येष्ठांना तो वेगळ्या वाटेने भेटतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले जाते, एखादी पट्टी सकारात्मक येते आणि घरावर आभाळ कोसळते. अशा वेळी हिशोब करून पाहावा. समजा, एक हजार माणसे तपासली आणि त्यांपैकी खरोखर संसर्ग असलेली दोन आहेत. समजा, ती पट्टी हजारात फक्त पाच वेळा चुकीचा इशारा देते. म्हणजे सात जणांची पट्टी सकारात्मक येईल आणि त्यांतील पाच जण निरोगी असतील. पट्टी चांगली असूनही असे होते, कारण मुळात संसर्ग दुर्मीळ आहे. तीन वेगळ्या बनावटीचे संच एकाच निरोगी माणसाबाबत एकदम चुकण्याची शक्यता मात्र अत्यल्प असते. म्हणून एका पट्टीच्या सकारात्मक अहवालाला निदान म्हणू नये. तो पुढच्या तपासणीचा निरोप आहे.

याच कारणाने निरोगी माणसाने परस्पर व्हायरल लोड करून घेऊ नये. ही चाचणी इतकी सूक्ष्म आहे की क्वचित अगदी थोड्या प्रती नसतानाही दाखवते. नानांचे दहा लाख आणि एखाद्या निरोगी, घाबरलेल्या माणसाच्या अहवालातील तीस-चाळीस यांत महदंतर आहे. असा छोटा आकडा आला तर तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते आणि तोवर झोप उडते ती वेगळीच.

सूनबाईंचे रक्त

सूनबाईंचे रक्त पहिल्यांदा तपासले ते १९ जुलैलाच. ते नकारात्मक आले तेव्हा त्यांच्या पतीने सुटकेचा निःश्वास टाकला, "म्हणजे सुटलो." मला त्यांना थांबवावे लागले. त्या दिवशीचा अहवाल सुईविषयी काहीच सांगत नव्हता. सुई टोचण्याच्या आधी त्यांना संसर्ग नव्हता, एवढेच त्याने सांगितले. ही आधारचाचणी आवश्यक असते, कारण पुढचे प्रत्येक अहवाल तिच्याशी ताडून पाहायचे असतात. पण तिला निकाल समजणे ही विंडो पिरियडविषयीची सर्वांत घातक चूक आहे. कावीळ 'ब' आणि 'क' यांच्याही तपासण्या त्याच वेळी केल्या, कारण सुईतून त्याही पसरतात.

१४ ऑगस्टला त्यांची अठ्ठाविसाव्या दिवसाची गोळी झाली. पहिले आठ दिवस मळमळ होती, एकदा त्या गोळ्या सोडून देण्याच्या बेतात होत्या. मी रोज संध्याकाळी फोन करत असे.

पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला. चौथ्या पिढीची चाचणी नकारात्मक. एरवी, कोणतेही औषध न घेतलेल्या माणसाची शिरेतील रक्तावर केलेली ही चाचणी पंचेचाळीस दिवसांनंतर नकारात्मक आली, तर तिच्यावर विसंबायला हरकत नसते. केवळ प्रतिपिंडांची चाचणी उपलब्ध असेल, तर नव्वद दिवस थांबावे लागते. पण सूनबाईंनी प्रतिबंधक औषधे घेतली होती. ती घेऊनही संसर्ग झालाच, तर विषाणू दबून राहिल्यामुळे प्रतिपिंडे उमटायला उशीर होऊ शकतो. म्हणून त्यांना तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. तोवर पतीसोबत निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचे नाही.

ऑक्टोबरच्या १८ तारखेचा अहवाल नकारात्मक आला. शेवटचा १८ जानेवारीचा. संक्रांत होऊन गेली होती. अहवाल हातात घेऊन त्यांनी पिशवीतून तिळगुळाचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता मोजायचे संपले ना, डॉक्टर?" या वेळी मला 'हो' म्हणता आले.

'नाही' या शब्दाचे दोन अर्थ

नानांचे उपचार ऑगस्टमध्येच सरकारी एआरटी केंद्रात सुरू झाले. रोज एक गोळी. सहा महिन्यांनी व्हायरल लोडची चाचणी झाली आणि अहवालावर छापून आले, 'विषाणू आढळला नाही'. नाना तो कागद घेऊन थेट माझ्याकडे आले. चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा आनंद. "डॉक्टर, गेला! आता गोळी बंद करू?"

या ठिकाणी मला त्यांच्या आनंदाला थोडी वेसण घालावी लागली. व्हायरल लोडचा प्रश्न असतो, 'आज रक्तात किती विषाणू फिरत आहेत?' 'या शरीरात संसर्ग आहे का?' हा तिचा प्रश्नच नव्हे. औषध त्याची वाढ रोखून धरते तेव्हा रक्तात तो मोजण्याइतका उरत नाही, पण काही पेशींच्या आत तो निद्रिस्त असतो. औषध थांबले की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा बाहेर पडतो. त्यांच्या प्रतिपिंडांची पट्टी उद्या केली तर ती सकारात्मकच येईल, आणि सामान्यतः ती जन्मभर तशीच येत राहील. म्हणून उपचार चालू असलेल्या माणसाला पट्टी पुन्हा करून पाहण्यात अर्थ नाही आणि व्हायरल लोड 'नाही' आला म्हणून गोळी सोडण्यात तर मुळीच नाही.

पण त्या कागदात आनंदाचे कारण खरेच होते. विषाणूभार असा सातत्याने न मोजता येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला संसर्ग जात नाही, आणि स्वतःची प्रतिकारशक्तीही टिकून राहते. नानांना हे सांगितल्यावर ते काही वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या पट्टीवरचे 'नाही' आणि या कागदावरचे 'नाही', दोन्ही 'नाही'च. पण एकही 'एचआयव्ही नाही' असे म्हणत नव्हते." चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या माणसाने माझ्यापेक्षा नेमके सांगितले.

त्या घरात आता इन्शुलिन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावत नाहीत. स्वयंपाकघराच्या फळीवर जाड प्लास्टिकची, झाकणाची बरणी आहे. सुई सरळ तिच्यात पडते आणि बरणी भरत आली की दवाखान्यात येते. इन्शुलिन सूनबाईच देतात. ताट-वाटी कुणी वेगळी केली नाही, आणि तसे करण्याचे वैद्यकीय कारणही नाही.

आपल्यापैकी कुणावर, किंवा आपण ज्यांची काळजी घेता त्यांच्यावर, अशी वेळ आली, तर डॉक्टरकडे जाताना एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून न्या: घटनेची तारीख आणि त्यानंतर घेतलेली औषधे. बहात्तर तास उलटले नसतील, तर आधी औषधाचे विचारा, चाचणीचे नंतर. कुणाजवळ बोलायला संकोच वाटत असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनाशुल्क आहे. आणि अहवाल हाती आला की 'कोणती चाचणी' आणि 'कितव्या दिवशी' हे दोन्ही विचारल्याशिवाय 'नकारात्मक' हा शब्द मान्य करू नका. डॉक्टरांनी आपण होऊन विचारले नाही, तर आपण त्यांना तारीख सांगा. मला कुणी सांगितली असती, तर मी ऐकली असती. नानांना ती तोंडपाठ होती. विचारायचे तेवढे मीच राहिलो होतो.